मॅन्टू पॉझिटिव्ह, पण टीबी नाही. मग बायोलॉजिकच्या आधी महिनाभर थांबायचं कशाला?

प्रश्न: आईला (वय 54, वजन 58 किलो) आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्याला 20 मिग्रॅ, आठ महिने झाले, तरी मनगटं सुजलेलीच. कोथरूडच्या रुमॅटॉलॉजिस्टनी अ‍ॅडालिमुमॅब हे बायोलॉजिक इंजेक्शन सांगितलंय. पण टीबीसाठी हातावर टोचून करतात ती मॅन्टू चाचणी 12 मिमी आली. एक्स-रे स्वच्छ, ताप-खोकला काही नाही. तरी आधी महिनाभर टीबीची गोळी घ्या म्हणतात. उगाच उशीर नाही का हा?

उत्तर: उगाच नाही. टीबीचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना आजार होत नाही. पांढऱ्या पेशी त्यांना घेरून भोवती भिंत बांधतात आणि जंतू आत जिवंत, पण निपचित पडून राहतात. ही भिंत एकदा बांधून भागत नाही, तिची डागडुजी सतत चालू ठेवावी लागते, आणि त्यासाठी पेशींना कामाला लावणारं प्रथिन म्हणजे टीएनएफ. हेच टीएनएफ आईच्या मनगटात सांध्याचं अस्तर सुजवतंय आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेव आणतंय. अ‍ॅडालिमुमॅब त्याला पकडून निकामी करतं, पण मनगटातलं कुठलं आणि भिंतीपाशी राबणारं कुठलं, हे त्याला कळत नाही. सांधा निवतो आणि भिंत ढासळते.

याच गटातल्या इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या 70 रुग्णांची नोंद 2001 मध्ये छापून आली. त्यातल्या 48 जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांतच आजार झाला होता आणि निम्म्याहून जास्त जणांत तो फुप्फुसाबाहेर होता. मेथोट्रेक्सेट सुरू करताना हा प्रश्न एवढा ऐरणीवर येत नाही, कारण ते टीएनएफला थेट धरत नाही. सांध्यात अ‍ॅडेनोसिन वाढवून ते दाह उतरवतं.

आता ते 12 मिमी. मॅन्टू 48 ते 72 तासांत वाचतात आणि लाली मोजत नाहीत. बोटाला लागणारी कडक गाठ हाताच्या आडव्या दिशेने मोजतात. (लालीच मोजून पाठवलेले रिपोर्टही असतात, तेव्हा कशी मोजली ते लॅबला विचारा.) असल्या औषधांआधी 5 मिमीच पॉझिटिव्ह धरतात, त्यामुळे 12 बद्दल वाद नाही. ‘लहानपणीच्या बीसीजीमुळे आली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. जन्मतः घेतलेल्या लशीचा परिणाम एवढ्या वर्षांनी फारसा उरत नाही. रक्तातली इग्रा चाचणी बीसीजीने फसत नाही हे खरं, पण एक निगेटिव्ह मिळेपर्यंत लॅबा बदलत बसणं मला पटत नाही. आणि स्टेरॉइड चालू असताना इग्रा ‘इनडिटरमिनेट’, म्हणजे निकाल न ठरलेली आली, तर ती निगेटिव्ह नव्हे.

गोळी सुरू करण्याआधी चालू टीबी नाही याची खात्री मात्र हवीच: रात्रीचा घाम, वजन घटणं, मानेतल्या गाठी, सगळं विचारून, तपासून. चालू आजारावर ही आयसोनियाझिडची गोळी एकटी दिली तर जंतू तिला दाद देईनासे होतात.

तुमच्या आईचा हिशेब असा. आयसोनियाझिड किलोमागे 5 मिग्रॅ, म्हणजे 290. गोळी 300 ची, रोज एक. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत बी-6. समजा 1 जूनला सुरू केली, तर अ‍ॅडालिमुमॅबचं पहिलं 40 मिग्रॅचं इंजेक्शन 1 जुलैच्या सुमारास, मग दर दोन आठवड्यांनी. गोळी मात्र नोव्हेंबरअखेरपर्यंत, पूर्ण सहा महिने. इंजेक्शनने बरं वाटलं की ती मध्येच सुटते, तिथे लक्ष ठेवा. मधल्या महिन्यात सांधे फारच छळत असतील तर कमी डोसचं प्रेडनिसोलोन चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

मेथोट्रेक्सेट आपल्या मनाने बंद करू नका. ते सोबत असलं की शरीर अ‍ॅडालिमुमॅबविरुद्ध अँटिबॉडी कमी बनवतं आणि इंजेक्शन जास्त काळ लागू पडतं. पण मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड दोन्हींचा भार यकृतावर, म्हणून एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणी आधी एकदा आणि मग दर महिन्याला. मळमळ, अन्नावरची वासना उडणं किंवा गडद लघवी दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा. त्रास असताना एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिप्पट, किंवा त्रास नसतानाही पाचपट, म्हणजे आयसोनियाझिड बंद.

एक गोष्ट हमखास राहते. हिपॅटायटिस बी साठी नुसतं एचबीएसएजी लिहिलेलं असतं. त्यासोबत ‘अँटी-एचबीसी टोटल’ही करून घ्या. जुना संसर्ग दडून असला तर पहिली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि टीएनएफ दाबल्यावर तो विषाणूही उठू शकतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही त्याच सुईत होतील. हार्ट फेल्युअर किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार कधी झाला असेल तर आधीच सांगा, मग बहुधा वेगळ्या गटातलं औषध निवडावं लागेल.

इंजेक्शन सुरू झाल्यावर दोन आठवडे टिकलेला ताप, पोटात पाणी किंवा मानेत गाठ आली तर पुढचा डोस घेऊ नका आणि डॉक्टरांना गाठा, छातीचा एक्स-रे कितीही स्वच्छ असो.