पाचवीच्या मुलांना दशांश अपूर्णांक रुपये-पैशांवरून कसे शिकवायचे?

प्रश्न: मुलगी पाचवीत आहे, मराठी मीडियम, नाशिक. ५ रुपये ५ पैसे हे ५.५ असं लिहिते आणि ६.३५ हे ६.५ पेक्षा मोठं म्हणते. घरी कसं समजावू? सरावाला थोडी गणितं पण द्या प्लीज.

उत्तर:

या दोन चुका दिसायला वेगळ्या आहेत पण मुळात एकच आहे. तुमच्या मुलीसाठी दशांश चिन्ह म्हणजे रुपये आणि पैसे यांच्यामधली भिंत, अलीकडे रुपयांचा आकडा आणि पलीकडे पैशांचा आकडा, दोन्ही आपले स्वतंत्र साधे आकडे. पैसे ५ आहेत तर तिने ५ लिहिले, आणि ३५ हे पाचापेक्षा मोठे म्हणून ६.३५ मोठं. मी सातपूरला पाचवी-सहावीच्या मुलांना गणित शिकवते, दरवर्षी वर्गात हीच चूक दिसते आणि ती हुशार मुलांकडूनही होते, कारण त्यांनी स्वतःचा विचार करून तो नियम बनवलेला असतो.

हे होतं कशामुळे, तर आपण मुलांना थेट "१ रुपया म्हणजे १०० पैसे" सांगतो आणि मधली पायरी गाळतो. संख्या तर दहादहाने चालतात ना, दहा एककांचा दशक, दहा दशकांचा शतक. तसंच खाली उतरतानाही आधी दहा भाग करायचे, मग त्यातल्या एकेकाचे परत दहा. रुपयाचा दहावा भाग म्हणजे दहा पैसे, तो दशांश. दहा पैशांचा दहावा भाग म्हणजे एक पैसा, तो शतांश. म्हणून शिकवताना खरं काम दहा पैशाचं नाणं करतं आणि नेमकं तेच आपण विसरतो.

आता अडचण अशी की आजच्या मुलांनी ही नाणी पाहिलेलीच नाहीत. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी २०११ च्या जून अखेरीस चलनातून बंद झाली, पन्नास पैसे कागदोपत्री चालतात पण दुकानदार घेत नाही. मग घरीच बनवा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्या आणि १० रुपये, १ रुपया, १० पैसे, १ पैसा असे चार प्रकारचे तुकडे कापा, प्रत्येकी वीसेक पुरे. ५० पैसे आणि २५ पैसे मुद्दाम बनवू नका, त्यांनी घोळ होतो कारण त्यांना आपल्या चौकटीत जागाच नाही. (आजी-आजोबा घरात असतील तर ते चार आणे, आठ आणे काढतील, ते जरूर ऐकवा पण नंतर. १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे होते, ते दहादहाच्या घरांत बसत नाहीत.)

मग वहीवर चार घरं आखा: दहा रुपये, रुपया, दहा पैसे, पैसा. रुपया आणि दहा पैसे यांच्या मधली रेघ लाल पेनने, तेच दशांश चिन्ह. नियम एकच, कोणत्याही घरात नऊच्या वर तुकडे राहायचे नाहीत, दहा झाले की ते देऊन डावीकडच्या घरातला एक बंदा घ्यायचा. आणि प्रत्येक घराखाली त्यात किती तुकडे आहेत ते लिहायचं, रिकामं असेल तरी ० लिहायचं.

आता तिला ५ रुपये ५ पैसे मांडायला सांगा. रुपयाच्या घरात पाच, पैशाच्या घरात पाच, आणि मधलं दहा पैशांचं घर रिकामं. खाली लिहिताना ५.०५ आपोआप येतं, तुम्हाला "मध्ये शून्य द्यायचं हं" असं सांगावं लागत नाही. लगेच शेजारी ५ रुपये ५० पैसे मांडा. आता दहा पैशांच्या घरात पाच तुकडे आणि पैशाचं घर रिकामं, म्हणजे ५.५०. इथे जरा थांबा. तिला विचारा की शेवटचं रिकामं घर मी हाताने झाकलं तर पैसे कमी झाले का? नाही झाले, म्हणून ५.५० आणि ५.५ एकच. आणि ५.०५ मधलं रिकामं घर काढून टाकलं तर? मग पैशाचे पाच तुकडे सरकून दहा पैशांच्या घरात येतात आणि पाच पैशांचे पन्नास होतात. कोणतं शून्य उडवता येतं आणि कोणतं नाही हे पाठ करून घेऊ नका, हाताने करू द्या.

६.५ आणि ६.३५ ची तुलनाही याच घरांत करा. डावीकडून बघत यायचं, रुपये सहा आणि सहा, सारखे. पुढचं घर, पाच आणि तीन. झालं, ६.५ मोठी, पुढे बघायची गरजच नाही.

समजलंय की नुसतं तोंडपाठ आहे हे ओळखायला मी एक प्रश्न विचारते: "७.३ रुपये म्हणजे किती पैसे वर?" मूल "तीन" म्हणालं तर भिंत अजून उभी आहे, परत तुकड्यांवर जा. "तीस" म्हणालं की पुढे चला.

बेरजेत जी गडबड होते तीही सांगते. १२.७५ + ८.५ दिलं की बरीच मुलं उजव्या बाजूने रांग लावतात, ५ खाली ५, आणि उत्तर १३.६० काढतात. लगेच खोडू नका, तिला विचारा की १२ रुपये आणि ८ रुपये नुसतेच किती होतात. वीस म्हटल्यावर तिला स्वतःलाच १३.६० खटकेल. मग घरांत मांडा: पैशाच्या घरात ५. दहा पैशांच्या घरात ७ आणि ५ मिळून १२, त्यातले दहा देऊन एक बंदा रुपया घेतला, उरले २. रुपयाच्या घरात २ आणि ८ आणि हा एक, ११, त्यातले दहा देऊन दहाची नोट, उरला १. दहाच्या घरात आधीची एक आणि ही एक, दोन. २१.२५. हातचा म्हणजे काय ते इथे पोरांना नव्याने दिसतं.

वजाबाकीत उलटं, मोडायचं. २० रुपयांतून १२.३५ द्यायचे तर दहाची एक नोट मोडून दहा रुपये, त्यातला एक रुपया मोडून दहा पैशांचे दहा, त्यातला एक मोडून दहा पैसे. आता घरांत १, ९, ९, १० आहेत, म्हणजे अजूनही वीसच रुपये. त्यातून १, २, ३, ५ काढले की ०, ७, ६, ५, उत्तर ७.६५. "शून्यातून उसना कसा घ्यायचा" हा प्रश्नच उरत नाही कारण मोड करताना तिने ते पाहिलेलं असतं.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. एक, वेळ. दीड वाजता घड्याळात १:३० असतं म्हणून काही मुलं दीड रुपयाही १.३० लिहितात, तो १.५० आहे, तासात मिनिटं साठ असतात म्हणून तिथे हे चालत नाही. क्रिकेट बघत असेल तर तिथेही तेच, ४.३ ओव्हर म्हणजे चार ओव्हर आणि तीन बॉल, तो दशांश अपूर्णांक नाही. दुसरं म्हणजे फक्त पैशांवरच थांबू नका, नाहीतर चिन्हानंतर नेहमी पैसेच असतात असं डोक्यात बसतं. पेट्रोल पंपावर गेलात की तिला मशीनचा डिस्प्ले दाखवा, एका ओळीत रुपये आणि एका ओळीत लिटर. लिटर ०.९६ दिसलं तर ते किती मिली, विचारा. ९६ म्हणाली तर चूक, लिटरचा दहावा भाग १०० मिली आणि शंभरावा भाग १० मिली, म्हणजे ९०० आणि ६०, एकूण ९६० मिली. हे जमलं की दशांश खरंच आला असं समजा.

आता सराव. एका बैठकीत सगळं नको, पहिले तीन प्रश्न तुकडे घेऊन करू द्या, पुढचे तुकड्यांशिवाय.

सरावपत्रिका

१. दशांश चिन्ह वापरून रुपयांत लिहा: ४ रुपये २५ पैसे, ९ रुपये ५ पैसे, ६० पैसे, ६ पैसे, १०७ पैसे.

२. रुपये आणि पैसे वेगळे करून लिहा: ३.४०, ३.०४, ०.९, १०.१

३. मोठी संख्या कोणती? ६.५ की ६.३५, ८.०९ की ८.१, ४.७ की ४.७०

४. सव्वा रुपया, पावणेदोन रुपये, अडीच रुपये, साडेतीन रुपये हे दशांश चिन्ह वापरून लिहा.

५. १५.६ + ७.४५

६. ५० − ३७.६५

७. झेरॉक्सचं एक पान दीड रुपयाला. पाच पानांचे किती? दहाची नोट दिली तर परत किती?

८. समजा लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलला १,८७५ रुपये निघाला. १ क्विंटल म्हणजे १०० किलो. मग एक किलो कितीला पडला?

उत्तरं: (१) ४.२५, ९.०५, ०.६०, ०.०६, १.०७ (२) ३ रुपये ४० पैसे, ३ रुपये ४ पैसे, ९० पैसे, १० रुपये १० पैसे (३) ६.५, ८.१, दोन्ही सारख्या (४) १.२५, १.७५, २.५०, ३.५० (५) २३.०५ (६) १२.३५ (७) ७.५० रुपये, परत २.५० (८) १८.७५ रुपये

पाचव्या गणितात उत्तर २३.५ आलं तर दहा पैशांचं रिकामं घर तिने परत गाळलंय, ते गणित मी त्यासाठीच ठेवलंय. आठव्यात "शंभराने भागताना चिन्ह दोन घरं सरकवायचं" अशी ट्रिक आधी देऊ नका. १,८७५ रुपये १०० किलोंवर वाटायचे, प्रत्येक किलोच्या वाट्याला १८ रुपये गेले, १,८०० संपले, ७५ रुपये उरले. त्यांचे पैसे केले तर ७,५००, ते शंभर किलोंवर वाटले की प्रत्येकी ७५ पैसे. अशी दोन-तीन गणितं झाली की चिन्ह दोन घरं सरकतंय हे तिचं तिलाच दिसेल.