तीन मिनिटांचं बातमीपत्र: आधी शॉट, मग शब्द

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तीन मिनिटांचं टीव्ही बातमीपत्र लिहायचंय. ‘वाक्यं छोटी ठेवा, शब्द दृश्याला जुळवा’ असं सर सांगतात. म्हणजे नेमकं करायचं काय?

लिहायला बसण्याआधी फुटेज बघा. हाताशी कोणते शॉट आहेत आणि प्रत्येक किती सेकंद टिकतो, ते कागदाच्या डाव्या बाजूला लिहा. उजवीकडे शब्द येतील. मराठी निवेदन साधारण सेकंदाला दोन शब्द या गतीने चालतं, म्हणजे चार सेकंदांच्या शॉटला सात-आठ शब्द. नमस्कार, निरोप आणि एखादी पंधरा सेकंदांची बाईट वजा केली, तर १८० सेकंदांत जेमतेम तीनशे शब्द उरतात. चार बातम्या पुष्कळ झाल्या.

समजा, खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आहे. प्रेसनोट अशी असते: ‘धरणक्षेत्रात सुरू असलेल्या संततधार पावसामुळे मुठा नदीपात्रात विसर्ग वाढविण्यात आल्याने भिडे पूल वाहतुकीसाठी बंद करण्यात आला आहे.’ मराठीत क्रियापद शेवटी येतं. निवेदक ‘बंद’पर्यंत पोहोचतो तोवर पुलाचा शॉट येऊन गेलेला असतो. म्हणून तोडायचं:

धरणाचे दरवाजे (४ सेकंद): खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलंय.
पाण्याखालचा पूल (५ सेकंद): भिडे पूल सकाळपासून बंद आहे.
बॅरिकेड, पोलीस (५ सेकंद): डेक्कनला जाणाऱ्या दुचाकींनी झेड ब्रिजवरून जावं.

दुसऱ्या ओळीत ‘पूल पाण्याखाली गेलाय’ लिहिलेलं नाही, कारण ते दिसतंच आहे. जुळवणं म्हणजे दिसतं तेच पुन्हा सांगणं नव्हे. विषय एकच ठेवायचा आणि चित्रात नसलेली माहिती शब्दांनी पुरवायची. उलट चूक जास्त घातक: पडद्यावर पूल आणि कानावर पालकमंत्र्यांची बैठक. प्रेक्षक चित्र बघत राहतो, बैठक कुणी ऐकत नाही. बैठकीचे शॉट नसतील तर ती ओळ निवेदकाला कॅमेऱ्याकडे बघून वाचू द्या. गेल्या वर्षीच्या पुराचे शॉट मात्र चिकटवू नका. वापरावेच लागले तर वर ‘संग्रहित’ ही पट्टी हवी. पुण्यातले लोक पाण्याची पातळी बघून ओळखतात!

क्युसेकचे आकडे ग्राफिकमध्ये टाका. बोलताना एकच आकडा घ्या, तोही राउंड फिगरमध्ये.

मग स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं, त्यावर वेळ ठरवू नका. जिथे वाक्याच्या मधेच श्वास घ्यावा लागतो, तिथे वाक्याचे दोन तुकडे करा. शॉट संपला तरी वाक्य चालूच असेल तर शब्द कापा. शॉट ताणून काही होत नाही. वाक्य आधी संपलं आणि दोन सेकंद नुसता पाण्याचा आवाज ऐकू आला, तर तो तसाच राहू द्या. तिथे ‘दरम्यान’ घालायचा मोह सगळ्यांनाच होतो.