दोन पानांच्या नोट्स आणि एक झेरॉक्स

प्रश्न: टीवायबीए भूगोलाला आहे. सुदूर संवेदन आणि नकाशावाचन हे प्रकरण फार लांबलचक आहे. डेटाचे प्रकार, सेन्सरच्या संज्ञा आणि नकाशा विश्लेषणाच्या पायऱ्या एवढंच काढून दोन पानांत कसं बसवू?

उत्तर:

बसेल. पण नोट्स काढताना सगळे जी ओळ पहिल्यांदा उडवतात, त्याच ओळीवरून माझे प्रात्यक्षिकाचे चार मार्क गेले होते. त्यामुळे मी शेवटापासून, म्हणजे पायऱ्यांपासून सुरू करतो.

आमच्या कॉलेजात टोपोशीट एकच होती, १:५०,००० ची, कपाटात कुलुपात. परीक्षेला तिच्यातला ए-थ्री एवढा तुकडा ए-फोरवर झेरॉक्स करून वाटला. खाली रेषाप्रमाणाची पट्टी चिकटवून घेतली होती, तीही नकाशासोबत आक्रसली. शेजारी ‘१:५०,०००’ मात्र जसंच्या तसं, कारण छापलेला आकडा काही लहान होत नाही. प्रश्न होता: पायथ्याच्या गावापासून सोंडेवरच्या देवळापर्यंत सरळ अंतर किती आणि उताराचं प्रमाण किती?

मोजपट्टीने अंतर आलं ८.५ सेमी. १:५०,००० ला २ सेमी म्हणजे १ किमी, म्हणून वर्गातल्या बहुतेकांनी ४.२५ किमी लिहून टाकलं. मला शंका आली ती जाळीच्या चौकोनांमुळे. ते १ किमीचे, म्हणजे २ सेमीचे असायला हवेत. माझ्या कागदावर भरत होते १.४ सेमी. रेषाप्रमाणावरही १ किमी तेवढाच. ए-थ्रीचं ए-फोर करताना मशीन ७१ टक्क्यांवर आणतं, हे कोणत्याही झेरॉक्सवाल्याला विचारा. म्हणजे कागदावरचा नकाशा आता साधारण १:७०,००० चा झाला होता आणि खरं अंतर होतं सुमारे ६ किमी.

चूक इथेच थांबत नाही. गाव आणि देऊळ यांच्या उंचीतला फरक ३०० मीटर. तो समोच्च रेषांवरच्या आकड्यांतून येतो, त्यामुळे झेरॉक्सने बदलत नाही. ३०० ला ४,२५० ने भागलं तर उतार येतो १:१४, आणि ६,००० ने भागलं तर १:२०. आणि क्षेत्रफळ काढायला सांगितलं असतं तर उत्तर थेट निम्मं आलं असतं, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही ०.७१ पट झाल्यात.

मी ६ किमी आणि १:२० लिहिलं. दोन्ही चूक. नंतर विचारायला गेलो तर सर म्हणाले, “प्रमाण छापलंय ना नकाशावर? मग तेच घ्यायचं.” मी म्हणालो, “सर, रेषाप्रमाणही छापलंय.” त्यावर “फार शहाणा झालास” एवढंच उत्तर मिळालं. पुढे मी बारा वर्षं नकाशांवरच पोट भरतोय आणि अजूनही सांगतो: नकाशा लहान-मोठा केला की अंकप्रमाण आणि शब्दप्रमाण दोन्ही मेली, जगतं फक्त रेषाप्रमाण. हे वाक्य पुस्तकात असतंच, फक्त प्रमाणाच्या धड्यात असतं. विश्लेषणाच्या पायऱ्यांत कुणी आणत नाही.

तर पायऱ्या माझ्या क्रमाने लिहा. आधी समास: शीट क्रमांक, सर्वेक्षणाचं वर्ष, समोच्च रेषांमधलं अंतर (१:५०,००० ला बहुधा २० मीटर). आवृत्तीचं वर्ष आणि सर्वेक्षणाचं वर्ष वेगळी असतात, नकाशा खरा असतो तो सर्वेक्षणाच्या वर्षाचा. मग लगेच चौकोनावर पट्टी ठेवून प्रमाण तपासा. त्यानंतर उठाव, म्हणजे रेषा दाट कुठे, विरळ कुठे, आणि त्यांचे ‘व्ही’ कुठल्या बाजूला वळलेत. टोक चढाकडे असेल तर दरी, उताराकडे असेल तर सोंड. मग पाणी, मग वनस्पती आणि शेती, मग वस्त्या आणि रस्ते. हा क्रम उगाच नाही. वस्ती तिथे का, याचं उत्तर आधीच्या तीन पायऱ्यांत मिळतं. मोजमाप सगळ्यात शेवटी.

रंगांबद्दल एकच. पाणी वाहतं ते निळं आणि कोरडे ओढे काळे, हे मूळ शीटवर. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर सगळेच काळे दिसतात, तिथे ‘हंगामी ओढा’ असं छातीठोक लिहू नका.

सेन्सरच्या संज्ञांना अर्धं पान पुरे. चार रेझोल्यूशनच्या चार व्याख्या पाठ करण्यापेक्षा एकच उपग्रह धरा, रिसोर्ससॅट-२. त्यावरच्या लिस-३ चा एक पिक्सेल जमिनीवर २३.५ मीटरचा, हे अवकाशीय. हिरवा, लाल, जवळचा अवरक्त आणि लघुलहरी अवरक्त असे चार पट्टे, हे वर्णपटीय. १० बिट, म्हणजे उजेडाच्या १,०२४ पायऱ्या, हे विकिरणमितीय. तीच जागा पुन्हा २४ दिवसांनी, हे कालिक. आता त्याच उपग्रहावरचा एविफ्स शेजारी ठेवा: पिक्सेल ५६ मीटरचा, पण एका फेरीत तब्बल ७४० किमी रुंदीचा पट्टा टिपतो (लिस-३ चा १४१), म्हणून पाच दिवसांत परत येतो. बारकावा हवा तर वाट बघा, वारंवार हवं तर भरड घ्या. ही देवाणघेवाण कळली की व्याख्या आपोआप लिहिता येतात. त्याखाली मिथ्यावर्णी प्रतिमेची एक ओळ टाका: झाडी लाल दिसते, कारण अवरक्त पट्ट्याला लाल रंग दिलेला असतो.

डेटाचे प्रकार तर चार ओळींत संपतात. माझ्याच झेरॉक्सवर बघा. ती स्कॅन केली की रास्टर, नुसते पिक्सेल. संगणकाला त्यात देऊळ नाही, काळे ठिपके आहेत. त्यावर देवळाचा बिंदू, ओढ्याची रेष आणि तळ्याचा बहुभुज काढला की व्हेक्टर. बिंदूला जोडलेलं नाव, उंची वगैरे म्हणजे गुणविशेष डेटा. उपग्रह प्रतिमाही रास्टरच. ती पडद्यावर दहापट मोठी केली तरी २३.५ मीटरच्या आतला तपशील उगवत नाही, चौकोन तेवढे मोठे दिसतात.

इथे एक दुरुस्ती जोडतो, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. पिक्सेलपेक्षा लहान वस्तू कधीच दिसत नाही, असं नाही. भोवतालपेक्षा फार उजळ असेल तर १२ मीटरचा रस्ताही पिक्सेलचा रंग बदलतो आणि रेघ उमटते. पण त्याची रुंदी मोजता येत नाही.

हल्ली टोपोशीटच्या पीडीएफ मिळतात, त्यामुळे कुलूपबंद कपाटाचा प्रश्न राहिला नाही. पण छापताना `Fit` वर टिक राहिली की तोच घोळ. आणि तुमच्या तुकड्यावर चौकोनच नसतील, तर कडेच्या अक्षांशाच्या खुणा वापरा. पाच मिनिटं म्हणजे साधारण ९.२ किमी, १:५०,००० ला १८.४ सेमी. तेही कापलं गेलं असेल तर रेषाप्रमाण घ्या आणि उत्तराच्या वर एक ओळ लिहा, ‘प्रत लहान केलेली असल्याने रेषाप्रमाण वापरले’. मी ती ओळ लिहिली नव्हती. उत्तरपत्रिकेत नुसतं ‘६ किमी’ होतं, तेवढं एक सरांच्या बाजूने.