मॉडेलमधून एकच माणूस कसा पुसायचा?

प्रश्न: जर्मनीतल्या एका ग्राहकाने ‘माझी सगळी माहिती पुसा’ असा मेल केलाय. डेटाबेसमधून नोंदी काढल्या, पण कोणता ग्राहक सोडून जाईल हे सांगणारं आमचं मॉडेल त्याच नोंदींवर शिकलंय. आता काय करू?

उत्तर:

मॉडेल पहिल्यापासून पुन्हा शिकवायला किती वेळ लागतो, ते आधी बघा. दोन-तीन तासांचं काम असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. त्याच्या नोंदी वगळून रात्री शिकवायला लावा, सकाळी नवीन मॉडेल चढवा आणि जुन्या फाइली काढून टाका. जीडीपीआर या युरोपीय डेटा-संरक्षण कायद्याच्या कलम १७ खालच्या मागणीला उत्तर द्यायला साधारण एक महिना मिळतो, त्यात हे आरामात बसतं. याच्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

दिवसचे दिवस लागत असतील तरच खरी अडचण. डेटाबेसमध्ये माणूस म्हणजे काही ओळी, त्या उडवता येतात. मॉडेलमध्ये त्याच्या प्रत्येक नोंदीने सगळी वेट्स, म्हणजे मॉडेलच्या आतले आकडे, किंचित हलवलेली असतात, आणि पुढच्या नोंदींनी ती किती हलवायची हे त्या हललेल्या जागेवरून ठरलेलं असतं. म्हणून त्याचा वाटा नंतर वजा करता येत नाही.

यावर टोरांटो विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये ‘सिसा’ नावाची पद्धत मांडली. ती शिकवण्याआधीच बसवावी लागते, म्हणजे तुमच्या आजच्या मॉडेलला तिचा उपयोग नाही. यावेळी एकदा पूर्ण शिकवावंच लागणार, तर ते या पद्धतीने शिकवा.

समजा १ लाख ग्राहक आहेत. त्यांचे २० शार्ड, म्हणजे वेगळे गट, करा, प्रत्येकात साधारण ५,००० माणसं. प्रत्येक शार्डवर वेगळं छोटं मॉडेल शिकवायचं आणि शेवटी विसांच्या उत्तरांची सरासरी घ्यायची. शार्डच्या आत पुन्हा १० स्लाइस. आधी पहिली शिकवायची, मग पहिली-दुसरी, असं वाढवत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या मॉडेलची जपलेली प्रत, ठेवायचा. आता शार्ड ८ मधल्या सातव्या स्लाइसमधला माणूस जायचाय. मग सहाव्या स्लाइसनंतरचा चेकपॉइंट उचलायचा, त्याला वगळून सात ते दहा हे टप्पे पुन्हा शिकवायचे, आणि त्या शार्डचे सातव्यापासूनचे जुने चेकपॉइंट पुसायचे. बाकीच्या १९ मॉडेलांना हात लावायचा नाही, कारण त्यांनी त्याला कधी पाहिलेलंच नाही.

वाटणी माणसावर करा, नोंदीवर नको. नोंदीवर केलीत तर एकाच माणसाच्या ६० खरेद्या जवळजवळ सगळ्या शार्डमध्ये विखुरतील. आम्ही हे सांभाळलं, पण दुसरीकडे फसलो: पायथनचं `hash()` वापरलं. मजकुरावर ते दर वेळी प्रोग्राम सुरू केला की वेगळा आकडा देतं. कोण कुठे होता तेच कळेना, शेवटी सगळं पुन्हा शिकवलं. असं करा:

```python
import hashlib

def shard(uid, n=20):
    h = hashlib.sha256(uid.encode()).hexdigest()
    return int(h, 16) % n
```

किंमतही मोजावी लागते. प्रत्येक मॉडेल विसावा हिस्साच डेटा बघतं, त्यामुळे क्वचित दिसणाऱ्या प्रकारांत अचूकता घसरते. शिवाय मागण्या साठल्या की फायदा विरतो. महिन्याला १० मागण्या एकदम निपटल्या तर सरासरी ८ शार्ड पुन्हा शिकवावे लागतात. ४० झाल्या तर १७. म्हणजे जवळजवळ सगळंच. (आणि स्केलिंगची सरासरी किंवा शब्दसूची सगळ्या डेटावरून काढली असेल, तर तो माणूस तिथे उरतोच. हे हमखास विसरलं जातं.)

‘उलट्या दिशेने शिकवून विसरायला लावा’ असं कुणी सुचवेल. त्यात मॉडेलचा त्या नोंदींवरचा लॉस, म्हणजे अंदाज किती चुकतो याचं माप, मुद्दाम वाढवतात. तपासायचं असेल तर काढलेल्या माणसांच्या नोंदींचा लॉस आणि मॉडेलने कधीच न पाहिलेल्या तशाच माणसांचा लॉस शेजारी ठेवा. काढलेल्यांचा कमी असेल तर आठवण शिल्लक आहे. पण फार जास्त असेल तरी घोटाळाच, कारण ‘हा इथे होता आणि मुद्दाम पुसलाय’ हे त्यावरूनच ओळखता येतं. दोन्ही गट सारखे दिसायला हवेत. एकट्या माणसाच्या चार नोंदींवरून मात्र निष्कर्ष काढू नका. निदान काही शे माणसं लागतात.

म्हणून पुरावा म्हणून मी वेट्सवर नाही, नोंदवहीवर भिस्त ठेवतो: कोणत्या तारखेला कोणता शार्ड, कोणत्या चेकपॉइंटपासून, कोणत्या यादीवर पुन्हा शिकवला. आणि काढलेल्या आयडींची एक यादी जपा, नाव-मेल न ठेवता. बॅकअपवरून डेटा परत आणाल तेव्हा ती आधी लावा. नाहीतर तो जर्मन ग्राहक पुढच्या शिकवणीला पुन्हा हजर.