गुडघा ठणठणीत असताना कॅम्प का चुकवला?

"सर, मुलगा 17 वर्षांचा, फुटबॉल खेळतो. जन्म एका देशात झाला, पण तिथलं नागरिकत्व मिळालं नाही. तो 9 वर्षांचा असताना आम्ही दुसऱ्या देशात आलो, दोन वर्षांपूर्वी इथला पासपोर्ट मिळाला. माझ्या वडिलांचा जन्म तिसऱ्या देशात झालाय, तिथली टीम साधारण आहे, म्हणजे सिनियर टीममध्ये लवकर चान्स. आता इथल्या अंडर-18 कॅम्पचं बोलावणं आलं. एकदा इथून खेळला की कायमचा अडकेल म्हणून मी कोचला गुडघा दुखतोय असं कळवलं. मुलाला अजून सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी इथल्याच टीमकडून एक फ्रेंडली मात्र खेळलाय. वडिलांचा देश निवडला तर तीन वर्षं थांबावं लागेल का?"

तीन वर्षांचं नंतर बघू, आधी त्या गुडघ्याबद्दल बोलू. तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला मात्र पूर्ण पत्रात तेवढंच सगळ्यात जास्त खटकलं. सतरा वर्षांच्या मुलाला नॅशनल कॅम्पचं बोलावणं येतं, तो त्यासाठी कित्येक वर्षं पहाटे उठत असणार, आणि घरात त्याला ते कळतच नाही. आणि हे लपणार नाहीये. कॅम्पचा स्टाफ दुखापत ऐकली की क्लबकडे विचारणा करतो, फिफाच्या नियमातही लिहिलंय की दुखापतीमुळे येऊ शकत नाही म्हणणाऱ्या खेळाडूची तपासणी फेडरेशन आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून करून घेऊ शकतं. मुलगा त्याच आठवड्यात क्लबकडून नव्वद मिनिटं धावला असेल तर खोटं कोण बोललं असं कोचला वाटेल? तुम्ही नाही, तो. पुढच्या यादीच्या वेळी नाव काढलं जाईल ते त्याचं.

आणि हे सगळं ज्या भीतीपोटी केलंत ती भीतीच मुळात चुकीची आहे. कॅम्पला गेल्याने कुणी कुठल्या देशाला बांधलं जात नाही. बेंचवर बसल्यानेही नाही. फिफाच्या नियमात प्रश्न एवढाच असतो की खेळाडू मैदानात उतरला का आणि ती मॅच ऑफिशियल स्पर्धेतली होती का, म्हणजे क्वालिफायर किंवा मुख्य टूर्नामेंट. फ्रेंडली त्यात धरत नाहीत, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मॅचने काहीही बिघडलेलं नाही. डेक्लन राइस आयर्लंडच्या सिनियर टीमकडून 2018 मध्ये तीन मॅच खेळला, तिन्ही फ्रेंडली, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडकडून खेळायला लागला. ज्युनियर लेव्हलची ऑफिशियल मॅच खेळली तरी दार लगेच बंद होत नाही. जमाल मुसियाला इंग्लंडच्या अंडर-21 टीमकडून युरोचे क्वालिफायर खेळला आणि काही महिन्यांनी, मार्च 2021 मध्ये, जर्मनीच्या सिनियर टीममध्ये होता.

मग अडकतो कधी? इथे नीट लक्ष द्या, कारण तुम्ही जी गोष्ट बघायला हवी होती तिच्याबद्दल पत्रात एक शब्द नाही. ती म्हणजे आजोबांच्या देशाच्या पासपोर्टची तारीख. देश बदलायचा अर्ज आला की फिफा विचारतं, पहिली ऑफिशियल मॅच खेळला त्या दिवशी या खेळाडूकडे नव्या देशाचं नागरिकत्व आधीपासून होतं का? यावर पुढचं बरंच काही ठरतं. मुसियालाकडे जर्मन नागरिकत्व आधीपासून होतं, म्हणून त्याचं काम सोपं झालं.

आता तुमच्या मुलाचंच घेऊ. समजा तो आज इथल्या एकाच पासपोर्टवर एखादा अंडर-18 क्वालिफायर खेळला आणि आजोबांच्या देशाचा पासपोर्ट 19 व्या वर्षी काढला. तर त्याला बदलता येईल, पण इथल्या टीमकडून शेवटची ऑफिशियल मॅच तो 21 पूर्ण व्हायच्या आत खेळलेला पाहिजे, आणि ती ज्युनियर लेव्हलचीच पाहिजे. एकविसावा वाढदिवस झाल्यावर एक अंडर-21 क्वालिफायर खेळला, दार बंद. आणि मधेच सिनियर टीमने एखाद्या क्वालिफायरला शेवटचं एक मिनिट जरी उतरवलं तरी बंदच, कारण पहिल्या मॅचच्या दिवशी दुसरं नागरिकत्व नव्हतं.

हेच उलट क्रमाने झालं, म्हणजे आधी दुसरा पासपोर्ट हातात आणि मग पहिली ऑफिशियल मॅच, तर जागा बरीच मोकळी राहते. फक्त ज्युनियर खेळला असेल तर 21 ची अट लागतच नाही. सिनियर खेळला असेल तरीही एक वाट आहे: शेवटची ऑफिशियल मॅच 21 च्या आत झालेली, सिनियरच्या एकूण तीनपेक्षा जास्त मॅच नाहीत (या तीनच्या हिशोबात मात्र फ्रेंडलीही मोजतात), वर्ल्ड कप किंवा खंडाच्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत उतरलेला नाही आणि शेवटच्या सिनियर मॅचला तीन वर्षं झालेली. हे सगळं एकत्र जुळलं पाहिजे, आणि बदल एकदाच मिळतो.

ही सवलत आली सप्टेंबर 2020 मध्ये. त्याआधी काय व्हायचं ते मोरोक्कन वंशाच्या मुनीर एल हद्दादीला विचारा. 19 वर्षांचा असताना, सप्टेंबर 2014 मध्ये, स्पेनने त्याला मॅसेडोनियाविरुद्ध युरो क्वालिफायरमध्ये शेवटची जेमतेम पंधरा मिनिटं खेळवलं आणि नंतर सिनियर टीमला परत कधी बोलावलंच नाही. मोरोक्कोला तो 2018 च्या वर्ल्ड कपसाठी हवा होता, त्यालाही जायचं होतं, क्रीडा लवादापर्यंत जाऊनही नकार आला. नियम बदलल्यावर 2021 मध्ये तो मोरोक्कोकडून खेळला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

तुमच्या तीन वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. फुटबॉलमध्ये ती थांबायची अट सिनियर ऑफिशियल मॅच खेळलेल्यांना आहे, तुमच्या मुलाला आज नाही. ऑलिम्पिकच्या नियमात एका देशाकडून खेळल्यावर दुसऱ्याकडून उतरायला साधारण तीन वर्षांचं अंतर लागतं, क्रिकेटमध्ये तीन वर्षं राहिल्यावर त्या देशाकडून खेळता येतं (सौरभ नेत्रावळकर 2010 चा अंडर-19 वर्ल्ड कप भारताकडून आणि 2024 चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप अमेरिकेकडून खेळला ते सगळ्यांनी पाहिलंच). प्रत्येक खेळाचं पुस्तक वेगळं आहे, एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

आता तुमच्या घरचे तीन देश. जन्माचा देश यादीतून काढूनच टाका, कारण नुसता जन्म कामाचा नाही, आधी तिथलं नागरिकत्व लागतं आणि ते तुमच्याकडे नाही. राहता देश पक्का आहे, कारण तो दहा वर्षांचा व्हायच्या आत इथे आला आणि अशा मुलाला तीन वर्षांचं वास्तव्य पुरतं. दहानंतर आला असता तर पाच वर्षं लागली असती आणि वर हे दाखवावं लागलं असतं की तुम्ही इथे आलात ते नॅशनल टीमसाठी नाही. राहिला आजोबांचा देश. तिथे आजोबा त्या देशाच्या भूमीवर जन्मलेले हवेत, आणि ते सिद्ध करायला मूळ जन्मनोंद हवी. ही नोंद तुम्ही स्वतः सरकारी दफ्तरातून काढा, कुठल्याही एजंटने आणून दिलेली प्रत चालवू नका. सप्टेंबर 2025 मध्ये फिफाने मलेशियाकडून खेळलेल्या सात परदेशी जन्माच्या खेळाडूंवर 12 महिन्यांच्या बंदीची शिक्षा जाहीर केली ती नेमकी यावरून. कागदावर आजी-आजोबा मलेशियात जन्मलेले, आणि फिफाने मूळ नोंदी मिळवल्या तर जन्म अर्जेंटिना, ब्राझील, नेदरलँड्स, स्पेनमधले. आमच्यापर्यंत कागद कुणी दुसऱ्याने आणले, हे सांगून मैदानात उतरलेल्या मुलाची सुटका होईलच असं नाही.

आणि हेही आधी बघा की तुमचे दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व चालवतात का. भारतासारखा देश चालवत नाही, तिथे ओसीआय कार्डवर टीममध्ये घेत नाहीत. जपानमध्ये जन्मलेल्या इझुमी अराताने 2012 मध्ये जपानचं नागरिकत्व सोडलं तेव्हा कुठे तो भारताकडून खेळू शकला. तुमच्या बाबतीत असं असेल तर आजोबांचा पासपोर्ट घ्यायचा म्हणजे राहत्या देशाचा गमवायचा, आणि मग "आधी दोन्ही हातात ठेवू" हा वर सांगितलेला क्रम जमणारच नाही. तेव्हा अर्ज करायच्या आधी वकिलाला विचारा, नंतर नको.

"साधारण टीम, लवकर चान्स" हे मला अजिबात पटलेलं नाही. तुम्ही त्याच्यासाठी देश निवडताय की नोकरी? त्या टीमचा कोच, भाषा, ड्रेसिंग रूम याबद्दल मुलाला काही वाटतं का, तो तिथे कधी गेलाय का, यातलं काहीच पत्रात नाही. शिवाय बदलाचा अर्ज फिफाकडे पडला की निकाल लागेपर्यंत खेळाडू दोन्हीपैकी कुठल्याच देशाकडून खेळू शकत नाही. त्या काळात घरी बसायची वेळ येईल ती त्याच्यावर, तर निर्णयही त्याचाच हवा.

आज संध्याकाळी मुलाला बसवून सांगा की बोलावणं आलं होतं आणि मी खोटं कळवलं. तो चिडेल, चिडू द्या. मग त्याच्यासमोर कोचला फोन करा, गुडघा ठीक आहे, चूक माझी आहे, कॅम्प सुरू व्हायला वेळ असेल तर तो येईल, असं स्वच्छ सांगा. कॅम्पला तो बिनधास्त जाऊ शकतो. ऑफिशियल क्वालिफायरच्या यादीत नाव आलं की मात्र त्याआधी दोघांनी मिळून वरच्या तारखा कागदावर मांडा, आणि आजोबांच्या देशाचं त्याला खरंच मनापासून काही वाटत असेल तर पासपोर्टचा अर्ज त्या मॅचच्या आधी मार्गी लावा. वाटत नसेल तर तो पासपोर्टचा विषय सोडून द्या आणि त्याला इथेच खेळू द्या.