साठ टक्के सूट, पण कशावर?

'राजवाड्याजवळच्या एका दुकानात 6,000 छापील किमतीचे लेदरचे बूट 60 टक्के सवलतीत 2,400 ला आहेत. दोन जोड घेतले तर बिलावर आणखी 10 टक्के सूट. ऑफिसला रोज लागतात. दोन घेऊन ठेवू का?'
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

दोन नका घेऊ. एक घ्यायचा की नाही, हे खोका हातात घेऊन ठरवा.

6,000 ही कमाल किंमत आहे. दुकानदाराने त्याहून जास्त घ्यायचे नाहीत, एवढंच त्यातून कळतं. तो आकडा किती असावा हे कंपनीच ठरवते, म्हणून सूट त्यावरून मोजू नका. खोक्यावरचा आर्टिकल नंबर टिपून घ्या, बुटाच्या आतल्या नंबराशी जुळवा आणि कंपनीच्या साइटवर शोधा. तोच जोड अमेझॉनवर असेल तर Keepa वर त्याच्या मागच्या किमतींचा आलेख दिसतो. समजा, गेले सहा महिने तो बहुतेक वेळा 2,700 ला विकला गेलाय. मग तुमची खरी बचत 300 रुपये, म्हणजे 11 टक्के. एखाद्या दिवसाचा सर्वात वरचा आकडा धरू नका; जास्त दिवस टिकलेला भाव धरा.

आता खोक्यावरचा महिना आणि वर्ष पाहा. माझ्या मते किमतीपेक्षाही हे महत्त्वाचं आहे. ऑफिसच्या बुटांना बऱ्याचदा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून कमजोर होत जातो, बूट न वापरता खोक्यात पडून असला तरीही. मग एके दिवशी चालता चालता त्याचे तुकडे पडतात. माल तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल तर सोडून द्या. नवा असला तरी सोल वाकवून बघा: बारीक भेगा, चिकटपणा किंवा नखाने निघणारा भुगा दिसला तर तो फुकटही नको. रबराच्या सोलला ही अडचण येत नाही.

लेदरची परीक्षा बुटाच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, कापलेल्या कडेवर होते. कडेला कापडाचं अस्तर आणि वर पातळ थर दिसला तर ते रेक्झिन. तंतू दिसले तर चामडं. पण वर प्लास्टिकचा गुळगुळीत पापुद्रा असेल तर ते हलक्या प्रतीचं, घडीवर लवकर सोलवटणारं. त्याला 2,400 जास्तच झाले.

राहिला दुसरा जोड. दोघांचे 4,800, त्यातून 480 वजा, म्हणजे 4,320. 480 वाचवायला तुम्ही जास्तीचे 1,920 आज गुंतवताय, आणि सोल पीयूचा असेल तर तो जोड कपाटात इंदूरचा पावसाळा काढत म्हातारा होणार. हाताशी एक धड जोड आधीच असेल तरच पाळीपाळीने घालायला एक नवा घ्या. घामाचा ओलावा सुकायला मधे एक दिवस मिळाला की दोन्ही जास्त टिकतात.