पत्रकातला सारांश: कुठे थांबायचं?

जत्रेतल्या नाटकाचं पत्रक प्रेक्षक तिसऱ्या घंटेपर्यंतच वाचतो, तेही मांडवातल्या अपुऱ्या उजेडात. म्हणून सारांश ऐंशी-नव्वद शब्दांत बसव आणि अक्षर बारीक करू नकोस.

'संगीत शारदा'च घे. पहिल्या वाक्यात पेच यायला हवा: पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळ्या वयाची मुलगी शारदा म्हाताऱ्या, श्रीमंत भुजंगनाथाला द्यायला निघाला आहे. पुढच्या वाक्यात या लग्नाला विरोध करणारा तरुण कोदंड आण, आणि तिथेच थांब. लग्न कसं मोडतं हे लिहिलंस तर त्या प्रवेशातला ताणच जाईल. नाटक जुनं असलं तरी मांडवात ते पहिल्यांदा बघणारी मुलं असतातच.

नावं तीन-चारच ठेव आणि प्रत्येकाचं नातं तिथल्या तिथे सांग. बाकीची पात्रं श्रेयनामावलीत येतात. दोन्हीकडे नावाचं शुद्धलेखन एकच हवं.

सारांश छापील संहितेवरून लिहू नकोस. रात्रीच्या प्रयोगासाठी प्रवेश आणि पदं कापली जातात, मग पत्रकातला प्रसंग रंगमंचावर येतच नाही. शेवटची सलग तालीम बघून मगच मजकूर छपाईला दे. 'हृदयस्पर्शी', 'अजरामर' असले शब्द काढ. त्या जागेत संगीत दिग्दर्शकाचं आणि ऑर्गन-तबल्याच्या साथीदारांचं नाव बसतं.